वाटीभर मोड म्हणजे दोन अंडी नव्हेत

आमच्या गल्लीतली एक मुलगी नववीत आहे, कबड्डी खेळते. वजन ४८ किलो. सहाला मैदानावर, आठला घरी, अकराला शाळा. तिची आई मला म्हणाली, "ताई, अंडी रोज परवडत नाहीत. मोड देते की वाटीभर. तरी दहा वाजले की ही पुन्हा डबे हुडकते."

ती वाटी मी तोलून पाहिली. मोड आलेली मटकी भरली ६५ ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. कोरडी मटकी त्यात ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम, जेमतेम एका अंड्याइतकी.

मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत. कडधान्य पचायला हलकं होतं आणि त्यात क जीवनसत्त्व येतं. म्हणून तुम्ही मोजाल ते कोरडं मोजा, फुगलेलं नको.

एवढ्या वजनाच्या खेळणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातली १८-२० सकाळीच पोटात गेली तर बरं. आता हिशोब करू. दर आमच्याकडचे आहेत, तुमच्या बाजारात थोडे इकडेतिकडे होतील.

दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, १४ रुपये. ४० ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे ९ ग्रॅम, सहा रुपयांच्या आत. तिच्या उसळीत मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट घाला. आणखी पाच ग्रॅम, तीन रुपये. झाले १४ ग्रॅम, नऊ रुपयांत. दोन्हींसोबत एक जाड भाकरी द्या, पाचेक ग्रॅम तिचे. भाकरी नुसती पोटभरीला नाही. कडधान्यात जे कमी असतं ते धान्य भरून काढतं. म्हणून नुसते मोड चघळायला देऊ नका.

रोज तोलत बसायची गरज नाही. एक किलो मटकी एकट्या मुलीला २५ दिवस पुरली, तर माप बरोबर आहे. चाळीस दिवस पुरली तर तुम्ही कमी देताय.

मग अंडी कधी? ज्या सकाळी घाई असते तेव्हा. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं, की काम झालं. पिवळा बलक टाकू नका. मैदानावर कुणीतरी मुलांना तसं सांगतं, पण अंड्यातली जवळपास निम्मी प्रथिनं त्याच बलकात असतात. तुम्ही सात रुपयांतले तीन उकिरड्यावर टाकता. कच्चं अंडं दुधात फेटून तर मुळीच नको. ते नीट अंगी लागत नाही आणि पोट बिघडायची भीती वेगळी.

गुरुवार-शनिवार आणि श्रावण पाळत असाल तर ते दिवस उसळीचे. घरात अंडं अजिबात चालत नसेल तरी मुलीचं काही अडत नाही. फक्त दूध किंवा दही रोज हवं, कारण ब-१२ जीवनसत्त्व कडधान्यात नसतं.

मोडांची उणी बाजूही सांगते. मटकी सकाळी भिजवा. संध्याकाळी उपसून, धुऊन फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार. थंडीत मात्र आणखी अर्धा दिवस लागतो. न भिजलेले गणंग निवडून टाका, दाताखाली आले तर कळ डोक्यात जाते. मोड बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या, फोडणीत लपवू नका. ज्या ऊबेत मोड येतात, त्याच ऊबेत जंतूही वाढतात. म्हणून कच्चे न देता वाफवूनच द्या.

खेळायच्या आधी उसळ नको. पोट जड होतं, धावताना गुबारा धरतो. जाताना एक केळं किंवा गूळ-पोळी पुरे. उसळ आल्यावर. वर लिंबू पिळा, त्याने कडधान्यातलं लोह चांगलं अंगी लागतं. वयात आलेल्या मुलींना ते लागतंच. चहा मात्र तासभर उशिरा, तो हेच लोह अडवतो.

त्या मुलीच्या आईने पहिल्याच दिवशी पूर्ण ४० ग्रॅमची उसळ वाढली आणि पोरीचं पोट दिवसभर गुडगुडलं. तुम्ही निम्म्याने सुरू करा. आठवडाभर एक अंडं आणि अर्धी उसळ द्या, मग हळूहळू वाढवा.