घरातील चार गोष्टी : ‘ही जाहिरात आहे’

आमच्या घरी गेल्या महिन्यात एक लहानसा पेच उद्भवला. तो आमच्यापुरता सुटला. परंतु आजकाल घरोघरी कोणी ना कोणी मुलगा-मुलगी भ्रमणध्वनीवर लहान चित्रफिती तयार करीत असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस इष्ट वाटते.

आमची धाकटी पुतणी पदवीधर आहे. वऱ्हाडी बोलीत, घरगुती पदार्थ आणि सणवार यांवर ती ‘रील’ करते. खामगाव, शेगाव, नांदुरा या बाजूच्या पुष्कळ बायका ती आवडीने पाहतात. एके दिवशी तिला परगावच्या एका कंपनीचे पत्र आले. कंपनीने केसांसाठी एक पूरक गोळी काढली होती. तिच्यावर एक रील करावी, पाच हजार रुपये व दोन महिन्यांच्या गोळ्या मिळतील, शिवाय तिच्या नावाच्या सवलत-संकेताने जेवढी विक्री होईल तीवर अडत मिळेल, असा प्रस्ताव होता. सोबत बोलावयाचा मजकूरही लिहून आला होता. तिने तो रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरात वाचून दाखविला :

“शेगावकडच्या केसगळतीवर रामबाण उपाय! माझी केसगळती पंधरा दिवसांत थांबली. डॉक्टरांनी शिफारस केलेली, शंभर टक्के नैसर्गिक, काही अपाय नाही. लवकर गुण हवा असेल तर दिवसाला दोन घ्या.”

हे ऐकताच आमच्या वहिनी हातातील काम सोडून उठून आल्या. त्यांचे माहेर शेगाव तालुक्यातले. डिसेंबर 2024 च्या अखेरीस त्या तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस एकाएकी मुठीमुठीने हाती येऊ लागले व काही दिवसांत टक्कल पडू लागले, ही हकीकत साऱ्या देशाने वाचली आहे. वहिनींच्या नात्यातील एका मुलीचे लग्न त्यामुळे पुढे ढकलावे लागले होते. “त्या पोरींच्या जिवावर बेतलेलं दुःख विकायला काढलंय का?” एवढेच त्या म्हणाल्या.

पुतणी ओशाळली, पण ती समंजस आहे. म्हणाली, “काका, रागावून भागणार नाही. यातलं काय बोलता येतं आणि काय नाही, ते नियम बघून सांगा. जे उरेल ते मी बोलेन.” तेव्हा आम्ही दोघे कागद-पेन घेऊन बसलो.

पहिले वाक्य ‘रामबाण उपाया’चे. ही गोळी औषध नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे. बाटलीवर इंग्रजीत ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे ‘औषधी उपयोगासाठी नाही’, असे छापणे कंपनीस भागच असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती व दावे यांविषयीचे 2018 चे विनियम 1 जुलै 2019 पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे कोणतेही अन्न रोग बरा करते, टाळते वा शमविते असे, विशेष परवानगीवाचून, म्हणता येत नाही. औषधांनाही या बाबतीत मोकळीक नाही. टक्कल बरे करण्याचा दावा ज्यांविषयी करू नये अशा विकारांच्या सरकारी यादीत, औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’ मध्ये, टकलाचे नाव आहेच. जे औषधास वर्ज्य, ते बाटलीत भरलेल्या अन्नास कसे चालेल?

परंतु या वाक्यात नियमभंगापेक्षा मोठा अनर्थ दडलेला होता. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापले होते : बायोटिन, जस्त आणि सेलेनियम. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2025 च्या आरंभी शेगाव तालुक्यातील रुग्णांची तपासणी करून त्यांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले व जस्ताचे घटलेले आढळल्याचे सांगितले, आणि त्याचा संबंध स्वस्त धान्याच्या गव्हाशी जोडला. गव्हाच्या उगमाविषयी पुढे वाद झाले. परंतु सेलेनियम अति झाल्यास केस गळतात व नखे बिघडतात, ही गोष्ट वैद्यकास जुनीच ठाऊक आहे. प्रौढ माणसास दिवसाला त्याचे सुमारे 40 मायक्रोग्रॅम पुरतात. अमेरिकेत 400 ही वरची मर्यादा मानतात, तर युरोपात 2023 मध्ये ती 255 वर आणली. अमेरिकेतच 2008 साली एका द्रवरूप पूरकात चुकीने लेबलावरील प्रमाणाच्या सुमारे 200 पट सेलेनियम पडले, आणि ते घेणाऱ्या दोनशेंहून अधिक लोकांना केसगळती, अतिसार, सांधेदुखी यांचा त्रास झाला.

आमच्या बाटलीतील एका गोळीत 40 मायक्रोग्रॅम होते. म्हणजे पुरा दिवसाचा शिधा एकाच गोळीत, जेवणातून येईल ते वेगळेच. एक गोळी घेऊन निरोगी माणसास विषबाधा होईल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गावांतील माणसांच्या अंगी तोच पदार्थ अति झाल्याचे सांगितले जाते, त्यांना तोच पदार्थ उपाय म्हणून देणे, आणि वर “दोन घ्या” म्हणणे, याला काय म्हणावे? बाटलीवर दिवसाला एकच लिहिले होते, आणि सांगितलेल्या प्रमाणाबाहेर घेऊ नये अशी सूचनाही होती. तेव्हा पहिले व शेवटचे वाक्य आम्ही पूर्ण खोडले.

दुसरे वाक्य, “माझी केसगळती थांबली.” पुतणीने गोळी तोंडातही घातली नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 9 जून 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, शिफारस करणाऱ्याचे मत खरे असावे आणि ते पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेले असावे. ती म्हणाली, “मग महिनाभर घेऊन बघते, अन् फरक पडला तर बोलते.” यावर आम्ही तिला शेगावचेच उदाहरण दिले. त्या गावांतील पुष्कळांचे केस काही आठवड्यांनी पुन्हा येऊ लागले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या काळात एखाद्याने ही गोळी घेतली असती, तर सारे श्रेय तिलाच मिळाले असते! तापातून उठल्यावर किंवा बाळंतपणानंतर गळणारे केसही बहुधा आपोआप परत येतात. एकाचा अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेले अनुमान खोटे ठरू शकते. म्हणून ते वाक्यही गेले.

तिसरे, “डॉक्टरांनी शिफारस केलेली.” हे शब्द अन्नाच्या जाहिरातीत वापरण्यास वर उल्लेखिलेल्या विनियमांनी मनाई केली आहे, मग डॉक्टर खरा असो वा नसो. “शंभर टक्के नैसर्गिक” हे प्रयोगशाळेत घडविलेल्या मिश्रणास लागत नाही, आणि “काही अपाय नाही” हे तर वरील हकीकतीवरून उघडच खोटे ठरते.

मग उरले काय? उरते ते एवढेच की, पोषकद्रव्याचे शरीरातील सामान्य कार्य, पुरावा असेल तर, सांगता येते. ते त्या द्रव्याविषयी बोलावे, बाटलीविषयी नव्हे. जस्त व बायोटिन ही केसांच्या सामान्य स्थितीस लागणारी द्रव्ये आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही; “ही गोळी केस वाढविते” असे म्हणता येत नाही. शिवाय नीट जेवणाऱ्या माणसास बायोटिनची उणीव क्वचितच पडते.

आता राहिला प्रश्न ‘जाहिरात’ या शब्दाचा. पैसे, फुकट गोळ्या आणि विक्रीवरील अडत हे तिन्ही आर्थिक संबंधच आहेत, व ते उघड करणे बंधनकारक आहे. मुंबईची जाहिरात मानक परिषद, जी ‘ॲस्की’ म्हणून ओळखली जाते, 1985 पासून स्वनियमनाचे काम करते. तिचे या विषयावरील नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत. दोन मिनिटांहून लहान व 15 सेकंदांहून मोठ्या रीलवर हा शब्द एकतृतीयांश वेळ दिसला पाहिजे. आमची रील 48 सेकंदांची, म्हणजे 16 सेकंद. खालच्या मजकुरात तो पहिल्या दोन ओळींतच यावा; ‘आणखी वाचा’ दाबल्यावर नव्हे, किंवा खुणांच्या गर्दीत लपूनही नव्हे. सरकारच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेने चित्रफितीत तो लिहून व बोलून, दोन्ही प्रकारे सांगावा, आणि तोही चित्रफितीच्याच भाषेत, असे म्हटले आहे. वऱ्हाडीत बोलून कोपऱ्यात इंग्रजी ‘कोलॅब’ लिहिले, तर आमच्या आईस त्यातून काय बोध होणार?

आणखी एक. आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगावी, आणि तज्ज्ञाचा आव आणणाऱ्याने हा वैद्यकीय सल्ल्याचा पर्याय नव्हे असे स्पष्ट करावे, असे ऑगस्ट 2023 चे सरकारी नियम आहेत. पाणी प्या, नीट झोपा, असे सर्वसाधारण सांगण्यास ते लागू नाहीत. कंपनीने पुतणीस पांढरा डगला घालण्यास सुचविले होते. तो आम्ही अर्थातच रद्द केला.

शेवटी तिने स्वतः लिहिलेला मजकूर असा होता :

“ही जाहिरात आहे. कंपनीनं मला पैसे आणि गोळ्या दिल्या आहेत, अन् विक्रीवर अडतही मिळते. मी आहारतज्ज्ञ नाही. या गोळीत बायोटिन, जस्त अन् सेलेनियम आहे. बायोटिन अन् जस्त केसांच्या सामान्य स्थितीला लागतात. हे औषध नाही, केसगळती यानं बरी होत नाही. एकाएकी केस गळत असतील तर आधी डॉक्टरला दाखवा. शेगावकडच्या बायांनो, त्रास झाला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सेलेनियमची कोणतीच गोळी घेऊ नका. दिवसाला एकीपेक्षा जास्त कोणीच घेऊ नका.”

हा मजकूर व दाव्यांचे पुरावे मागणारे पत्र तिने कंपनीस पाठविले. पुरावे मागणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 21 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यासही 10 लाख रुपयांपर्यंत दंड व वर्षभर बंदी होऊ शकते. पुन्हा चुकल्यास 50 लाख आणि तीन वर्षे. आपण योग्य चौकशी केली होती, हे दाखविता आले तरच सुटका होते. तशी चौकशी मागाहून दाखविता येत नाही. पत्र आधी लिहिलेले असावे लागते.

चार दिवसांनी उत्तर आले. पुरावे आले नाहीत. “पहिले वाक्य व शेवटची तीन वाक्ये काढावीत, मानधन आठ हजार करू,” एवढेच त्यात होते. पुतणीने ते पत्र वहिनींस वाचून दाखविले आणि गोळ्यांचे खोके टपालाने परत केले. पाच हजार रुपये तिला लहान नव्हते; पुढील शिक्षणाचे शुल्क ती स्वतः जमवीत आहे. म्हणून त्या दिवशी ती काही वेळ गप्प होती, हे आम्ही लपवीत नाही.

पुढील आठवड्यात त्याच मूळ मजकुराची रील दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून वहिनींच्या भ्रमणध्वनीवर येऊन थडकली. त्यात ‘जाहिरात’ हा शब्द कोठेच नव्हता. वहिनींनी पुतणीस जवळ बसवून घेतले, आणि ग्राहक साहाय्यवाणीचा 1915 हा क्रमांक लावला.