तोडलेल्या झाडाची कविता: रडगाणे की नोंद?

रुंदीकरणात गेलेल्या जुन्या झाडावरची कविता स्थानिक वृत्तपत्रातल्या वाचकांच्या सदरात वरचेवर छापून येते आणि तिच्यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. एक, झाड पडल्यावर रडून उपयोग काय? दुसरा, ही कविता रस्त्याच्या विरोधात असते. दवाखाना जवळ असणाऱ्यांचे हे चोचले.

दुसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावात चांगला रस्ता म्हणजे आजारी माणूस वेळेत जव्हारला पोचणे. पण याच मुलखात मोह फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गाळतो. ती वेचून वाळवतात, पुढे बियांचे तेल काढतात. रस्ता मागणारे आणि फुले वेचणारे हात एकाच घरातले असतात. तेव्हा झाडाचे दुःख म्हणजे रस्त्याला विरोध, हे गृहीतच चुकते.

पहिला आक्षेप कवितेला अर्ज समजतो. झाड वाचवायचे तर अर्जच करावा लागतो. मात्र तोडीच्या कागदात झाडाची जात आणि घेर आला तरी त्याच्या सावलीत काय चालत असे, ते येत नाही. पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ठरवणारी 2021 ची दुरुस्ती झाली ती 1975 च्या नागरी क्षेत्राच्या कायद्यात. जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत तो कायदा चालतो, जामसरच्या शिवारात नाही. खेड्यातल्या झाडाचे वय असे कागदाबाहेरच राहते. ते लिहून ठेवणारी कविता निरुपयोगी कशी?

अर्थात छापून येणाऱ्या बहुतेक कविता हे काम करत नाहीत. बेघर पाखरे, माणसाची हाव, कुऱ्हाडीचे घाव एवढ्यावर त्या भागतात. वडाच्या जागी चिंच घातली तरी ओळ बदलत नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाचा वड यावर उतारा आहे. यल्लम्मा मंदिराजवळचा, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा हा वृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला, रस्त्याची आखणी बदलली, बुंधा वाचला. जून 2022 मध्ये तोच वड पावसात उन्मळून पडला. ठेकेदाराला खलनायक करणारी ठरीव विलापिका इथे खोटी ठरते. लोकांनी राखलेले झाड दोन वर्षांत का गेले, हा प्रश्न कवितेला पेलावा लागतो. वडाच्या आडव्या फांद्यांना जमिनीत रुतलेल्या पारंब्यांचा टेकू असतो. पारंब्या तुटल्या की वजन बुंध्यावर येते. एवढे जाणणारा कवी ‘पारंबी’ हा शब्द झोक्यापुरता वापरणार नाही.

संपादकाने अशी कविता परत करावी ती भावना जास्त आहे म्हणून नव्हे. झाडाची जात, जागा आणि त्याच्याशी बांधलेली कामे तिच्यात नसतील, तरच परत करावी.