परिपत्रकातली चोवीस तासांची ओळ

एकाच आठवड्यात वर्गातली सात-आठ मुले तापाने घरी बसली की शाळेचे परिपत्रक पालकांच्या मोबाइलवर येऊन पडते. वर्गात फ्लूसदृश आजार आढळला आहे, घाबरू नये, मास्क वापरावा, हात वारंवार धुवावेत, पौष्टिक आहार द्यावा. नाशिकच्या पालकांना ही वाक्ये आता पाठ झाली आहेत. त्यात चुकीचे काही नाही. पण साथ आटोक्यात आणणारी ओळ बहुधा शेवटी असते किंवा नसतेच. ती अशी : ताप उतरवणारे औषध न देता मूल पूर्ण चोवीस तास तापाशिवाय राहिले असेल, तरच त्याला शाळेत पाठवावे.

‘औषध न देता’ या तीन शब्दांतच सगळे आले. समजा, सातवीतल्या मुलाला सोमवारी रात्री ताप भरला. मंगळवारी सकाळी साडेसहाला आईने पॅरासिटामोल दिले. सव्वासातला अंग गार लागले, चाचणी परीक्षा होती, मुलगा व्हॅनमध्ये बसला. या औषधाचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. अकराच्या सुमारास पुन्हा अंग तापले. पण तोवर तो दाटीवाटीच्या व्हॅनमध्ये आणि शेजाऱ्याला खेटून बाकावर चार तास बसलेला होता. औषधाने ताप झाकला, विषाणू तसाच राहिला. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला एक ते चार दिवस, बहुतेकदा दोन दिवस लागतात. म्हणून गुरुवार-शुक्रवारी त्याच्या आसपासची मुले आजारी पडतात आणि पुढच्या सोमवारी अर्धा बाक रिकामा दिसतो.

लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच मूल इतरांना लागण देऊ शकते, त्यामुळे हा नियम पाळूनही प्रत्येक लागण टळणार नाही. मात्र आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो. नेमके तेच दिवस मूल घरी राहिले, तर साखळीचा मोठा भाग तुटतो.

हे एकट्या पालकांवर ढकलून चालत नाही. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आणि बुडालेल्या चाचणीला शून्य गुण, ही धोरणे कायम ठेवून ‘आजारी मुलाला पाठवू नका’ असे लिहिणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. चाचणी नंतर घेतली जाईल, हे परिपत्रकातच लिहायला हवे. कोणत्या इयत्तेत किती मुले आजारी आहेत आणि पहिला रुग्ण कधी आढळला, हेही सांगावे; मुलांची नावे मात्र देऊ नयेत. व्हॅनचा उल्लेख तर हवाच. वर्ग एका तुकडीचा असतो. व्हॅनमध्ये अनेक इयत्तांची, कधी दोन शाळांची मुले असतात. नाशिकच्या थंडीत वर्गाच्या आणि व्हॅनच्या खिडक्या बंद राहतात. त्या थोड्या उघड्या ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

वर्ग बंद ठेवण्याची मागणी लगेच होते. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पण तेव्हा विषाणू नवा होता. आज तोच एच1एन1 नेहमीच्या हंगामी फ्लूंपैकी एक झाला आहे. शिवाय बंद वर्गातली मुले संध्याकाळी एकाच शिकवणीला बसणार असतील, तर सुट्टीचा उपयोग नाही.

2009 च्या 3 ऑगस्टला पुण्यातल्या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. या आजाराचा तो देशातला पहिला बळी. त्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन गट पाडले, ते आजही पालकांना उपयोगी आहेत. साधा ताप, खोकला, अंगदुखी असेल, तर तपासणीची गरज नाही. घरी विश्रांती आणि एक-दोन दिवस बारीक लक्ष पुरे. ताप जास्त असेल आणि घसा फार दुखत असेल, किंवा मूल पाच वर्षांच्या आतले वा दमा, हृदयविकार, मधुमेह असलेले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, नखे निळी पडणे, खाणेपिणे सोडणे यांपैकी काहीही दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर तोही धोक्याचा इशारा समजावा. तो न्यूमोनिया असू शकतो.

घरात उरलेले अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे धोक्याचे आहे. लसीला परिणाम दाखवायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे आज घेतलेली लस या आठवड्याची साथ थांबवणार नाही, पुढची टाळायला मदत करेल. या आठवड्यासाठी हाती आहे ती चोवीस तासांची ओळ. शाळांनी ती परिपत्रकात सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापावी.