सातबाऱ्यातल्या १ चा ९ झाला तर? फोनमधलं ओसीआर आणि देवनागरी

फोटोतला छापील मराठी मजकूर ओळखायला आता इंटरनेट लागत नाही. गुगलच्या एमएल किटमध्ये देवनागरीचं वेगळं मॉडेल आहे. ॲपमध्ये `text-recognition-devanagari` ही लायब्ररी जोडली की ओळखण्याचं काम फोनमध्येच होतं, त्यासाठी फोटो कुठल्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही. सातबाऱ्यासारख्या कागदासाठी हे सोयीचंच. पण चूक झाली तर?

बऱ्याचदा चुकीची सुरुवात फोटोपासूनच होते. एमएल किटला एका अक्षरासाठी किमान १६ बाय १६ पिक्सेल हवे असतात. २४ च्या पुढे सहसा फायदा होत नाही. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ए-फोर कागद फ्रेमभर टिपला, तर १० पॉइंटच्या अक्षराला साधारण ४५ पिक्सेलची उंची मिळते. तोच फोटो मेसेजिंग ॲपवरून फिरून आला आणि त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर उरतात जेमतेम १९. त्यातच वेलांटी, उकार, रफार बसवायचे. अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीनच पिक्सेल येतात, आणि जेपीईजीच्या कॉम्प्रेशनमध्ये तेही पुसट होतात. म्हणून फॉरवर्ड झालेला फोटो नको, मूळ फोटो घ्या.

शब्दातली चूक वाचताना लक्षात येते. ‘शेतसारा’चा ‘शेतसार’ झाला तर डोळ्याला खटकतं. आकड्याचं तसं नाही. १ चा ९ झाला तरी तो आकडाच असतो, आणि शब्दकोशाशी ताडून तो पकडता येत नाही.

समजा, सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.८१.००, पोटखराबा ०.०९.०० आणि एकूण क्षेत्र ०.९०.०० हेक्टर-आर आहे. ॲपने पहिला आकडा ०.८९.०० वाचला. मग बेरीज येते ०.९८.००, पण एकूण क्षेत्र ०.९० च दिसतं. म्हणजे तीनपैकी काहीतरी चुकलंय. नेमकं कुठलं, हे बेरीज सांगत नाही. तिथे ॲपने स्वतःच आकडा दुरुस्त करू नये. तिन्ही रकान्यांचे फोटोतले तुकडे दाखवून वापरणाऱ्यालाच विचारावं.

एमएल किट प्रत्येक शब्दासोबत ‘कॉन्फिडन्स’ही देतं. तो कमी असेल तर तो शब्द पिवळा करा. पण जास्त असला म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण मॉडेल ठामपणेसुद्धा चुकतं. बेरजेची तपासणी त्या गुणावर अवलंबून नसते, म्हणून दोन्ही ठेवा. ज्या आकड्याला बेरीजच नाही, उदाहरणार्थ गट क्रमांक, तो माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सेव्ह होऊच देऊ नका.