उद्याची गरज आज भासणारे

एमआयटीचे एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या, नव्या उत्पादनांच्या कल्पना शोधण्याच्या पद्धतीत सरासरी ग्राहकाला विचारत बसत नाहीत. इतरांची उद्याची गरज ज्यांना आजच भासते आणि तोडग्याचा ज्यांना मोठा फायदा असतो, अशी स्वतःच जुगाड करणारी माणसे शोधतात. नव्वदच्या दशकात थ्रीएम कंपनीला शस्त्रक्रियेतील संसर्ग रोखणाऱ्या आवरणांसाठी नव्या कल्पना हव्या होत्या. तिचा गट चक्क पशुवैद्यांकडे गेला. केसाळ रुग्ण आणि तुटपुंजा पैसा असूनही ते संसर्ग आटोक्यात ठेवत. त्वचेला इजा न करता चिकटणारे, सहज निघणारे पदार्थ हॉलिवूडच्या रंगभूषाकारांना ठाऊक होते, म्हणून गटाने त्यांनाही गाठले. मात्र एखाद्याचा जुगाड केवळ त्याच्या विक्षिप्त आवडीचाही असू शकतो. म्हणून ती गरज इतरांत पसरते आहे का, हे आधी तपासावे लागते.