लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा वडिलांच्या जमिनीत हिस्सा किती? मोलगीत हिशेब का बदलतो?

वडील गेले, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची वेळ आली आणि दुसऱ्या घरातला मुलगा समोर उभा राहिला. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो ‘लग्न झाले होते का?’ हा. मुलाचा हिस्सा बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन खटल्यात निकाल दिला. ‘अनौरस मुलांनाही वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क’ असे मथळे तेव्हा झळकले. ते अर्धेच खरे होते. हा निकाल रद्दबातल लग्नातून, म्हणजे पहिली पत्नी हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नासारख्या संबंधातून, जन्मलेल्या मुलांपुरता आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम 16 अशा मुलांना औरस मानते, मात्र हक्क फक्त आई-वडिलांच्या मालमत्तेत देते.

समजा, कुटुंबाची एकत्र जमीन 12 एकर आहे. घरात वडील, पहिली पत्नी, तिचा मुलगा आणि मुलगी आहेत, तर रद्दबातल लग्नातून आणखी एक मुलगा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. त्यात वडील, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी 3 एकर येतात. दुसऱ्या घरातल्या मुलाला या वाटणीत जागा नाही, कारण तो जन्माने एकत्र कुटुंबाचा सहहिस्सेदार होत नाही. वडिलांच्या वाट्याचे 3 एकर मात्र चार वारसांत विभागले जातात. त्यात त्याचा चौथा हिस्सा म्हणजे 30 गुंठे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून 4 एकर घेतले असतील, तर त्यातला 1 एकर त्याचा. दुसऱ्या पत्नीला मात्र पत्नी म्हणून यातले काहीच मिळत नाही.

आई-वडिलांचे कोणत्याच प्रकारचे लग्न झाले नसेल तर हा हिशेबही लागू होत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार असे मूल आईचे वारस होते, वडिलांचे नाही. वडील त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने त्याच्या नावे करू शकतात. मोठ्यांनी विधी केला की नाही, याची किंमत मूल मोजते, आणि ही तरतूद 1956 पासून तशीच आहे. एक दिलासा आहे. जोडपे दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे एकत्र राहिले असेल तर न्यायालय लग्न झाल्याचे गृहीत धरते. ते खोडण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते.

आता मोलगीकडे येऊ. अक्कलकुवा तालुक्यातल्या या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबे आहेत. हिंदू विवाह आणि हिंदू वारसा, दोन्ही कायदे केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. म्हणून वरचे 30 गुंठे इथल्या आदिवासी कुटुंबाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे जमातीची रूढी चालते.

याचा परिणाम दोन्ही दिशांना होतो. रूढी दुसरे लग्न मान्य करत असेल, किंवा जोडपे आधी एकत्र राहून लग्नाचा विधी आणि देज पुढे कधीतरी उरकत असेल, आणि जमात त्यांना नवरा-बायको मानत असेल, तर मूल ‘बाहेरचे’ ठरतच नाही. ते इतर भावंडांसारखेच वारस. मात्र रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. खरी अडचण इथेच होते, कारण रूढी कुठे लिहिलेली नसते. कारभारी आणि जाणत्या माणसांची साक्ष, पूर्वी गावात अशाच मुलांना जमीन मिळाल्याची उदाहरणे, जन्मनोंद, शाळेचा दाखला, रेशनकार्ड हे सगळे गोळा करावे लागते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध न झाल्याने त्यांच्या वारसांना समान हिस्सा दिला. तो निकाल स्त्रियांच्या हक्काचा असला, तरी ‘आमच्यात असे देत नाहीत’ एवढे सांगून सुटका होत नाही हे त्यातून दिसते.

वनपट्ट्याचे थोडे निराळे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार तो वारसाने मिळतो, विकता येत नाही. विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे असायला हवा. पट्ट्यावर आईचे नाव असेल तर मुलाची बाजू तिच्याकडूनही उभी राहते, म्हणून तो कागद आधी तपासावा.

वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो. वारसांच्या यादीतून नाव वगळले गेल्यास फेरफार मंजूर होण्याआधी लेखी हरकत घ्यावी. मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क बुडाला असेही नाही. मूल कोणाचे वारस, हा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच मिटतो. रूढी सांगणारी म्हातारी माणसे मात्र तोवर हयात असतीलच असे नाही.