नाल्याचा नंबर कोण ठरवतो?

नागपूरहून अमरावतीकडे जाताना सत्याग्रही घाट उतरला की तळेगाव (श्यामजी पंत) लागते. घाटात सागाचे जंगल आणि उघडा काळा दगड, खाली काळ्या मातीची शेती, आणि पश्चिमेला वर्धा नदी. डोंगरातली ओघळ खाली येईपर्यंत नाला होते आणि शेवटी वर्धेला मिळते. अशा शिवारात चर कुठे खणायचे, दगडी बांध कुठे घालायचे, सिमेंट नाला बांध कुठे बांधायचा, हे ठरवताना अहवालात एक आकडा हमखास असतो : नाल्याची श्रेणी. पहिली, दुसरी की तिसरी. पहिल्या श्रेणीत अनगड दगडी बांध, पुढे गॅबियन आणि माती नाला बांध, त्याखाली सिमेंट बांध, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. खोलीकरणाचा विषय निघाला तरी चर्चा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीपाशीच येते. म्हणजे या एका आकड्यावर पैसा कुठे जाणार ते ठरते. हल्ली तो आकडा संगणकातून येतो, आणि तो कसा येतो हे विचारले जात नाही.

स्ट्रालरने 1952 मध्ये मांडलेला नियम सोपा आहे. जिला दुसरी ओघळ मिळालेली नाही ती पहिली श्रेणी. दोन पहिल्या मिळाल्या की दुसरी, दोन दुसऱ्या मिळाल्या की तिसरी. लहान श्रेणीची ओघळ मोठ्या नाल्याला मिळाली तर नाल्याची श्रेणी बदलत नाही. सगळा घोळ ‘पहिली’ कुठून मोजायची यात आहे. पूर्वी याचे उत्तर सर्वेक्षण विभागाची 1:50,000 ची टोपोशीट देई. तिच्यावर जी रेष काढलेली ती ओघळ, नाही ती नाही. विदर्भातल्या बहुतेक नाल्यांच्या रेषा काळ्या असतात, कारण ते कोरडे नाले. निळी रेष बारमाही पाण्याची. आपले निकष याच रेषा डोळ्यांसमोर ठेवून रुजले.

आता उपग्रहाचा उंचीचा नकाशा घेतात. एसआरटीएमचा किंवा कार्टोसॅटचा, साधारण 30 मीटरच्या चौकटींचा. प्रत्येक चौकटीतले पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या चौकटीत जाते असे धरून संगणक मोजतो की एखाद्या चौकटीत वरच्या किती चौकटींचे पाणी येते. मग माणसाने एक संख्या द्यायची असते. आज्ञावलीत तिचे नाव `threshold`. वरच्या इतक्या चौकटींचे पाणी जमले की तिथून नाला सुरू झाला असे मानायचे. एक चौकट 900 चौरस मीटरची, म्हणजे 100 चौकटी हा 9 हेक्टरचा उंबरठा.

समजा, घाटाच्या पायथ्याशी एका नाल्यावर बांधाची जागा पाहिली आहे आणि तिथले पाणलोट क्षेत्र 180 हेक्टर आहे. वर दोन फाटे, एक 70 हेक्टरचा, दुसरा 60 चा. पहिल्या फाट्यात 35 आणि 20 हेक्टरच्या दोन ओघळी, दुसऱ्यात 30 आणि 15 च्या. उंबरठा 1000 चौकटी, म्हणजे 90 हेक्टर ठेवला तर दोन्ही फाटे नकाशावरून गायब. नाला पहिल्या श्रेणीचा. 500 चौकटी ठेवल्या, म्हणजे 45 हेक्टर, तर दोन फाटे दिसतात आणि बांधाची जागा दुसऱ्या श्रेणीत जाते. 100 चौकटींवर चारही ओघळी उमटतात, फाटे दुसऱ्या श्रेणीचे होतात आणि नाला तिसऱ्या. उंबरठा आणखी खाली नेला आणि ओघळींनाही फांद्या फुटल्या तर चौथी. जागा तीच आणि पाणीही तेवढेच, तरी शिरस्त्याप्रमाणे कामाचा प्रकार बदलत गेला. काही आज्ञावल्या तर प्रत्येक चौकटीपासून श्रेणी मोजू लागतात. त्यांचा आकडा तसाच अहवालात उतरला की साध्या नाल्याला सातवी-आठवी श्रेणी मिळते. असा आकडा दिसला की अहवाल परत पाठवावा, पुढे वाचू नये.

मग उंबरठा ठरवायचा कसा? जमिनीवरून. पहिले दोन चांगले पाऊस पडून गेले की घाटात ओघळींच्या उगमांशी चालत जावे. जिथे पसरट वाहणारे पाणी संपून तळ आणि दोन काठ स्पष्ट दिसू लागतात, तिथे मोबाइलवर स्थान नोंदवावे. असे दहा-पंधरा उगम नकाशावर टाकून प्रत्येकाच्या वर किती चौकटी आहेत ते पाहिले की उंबरठा हाती येतो. तळेगावसारख्या ठिकाणी तो एकच निघणार नाही. तीव्र उतारावर ओघळ थोड्याच क्षेत्रात तयार होते, खालच्या संथ काळ्या मातीत तिला पुष्कळ जास्त क्षेत्र लागते. घाटाला एक आणि सपाटीला दुसरा उंबरठा घेणे गैर नाही. एकच आकडा दोन्हीकडे लादणे गैर आहे.

पाणलोटाच्या सीमारेषेची गोष्ट वेगळी. ती उंबरठ्यावर अवलंबून नसते, पण तिला धोका आहे महामार्गाचा. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 ची, त्यामुळे नंतरचे भराव त्यात नाहीतच. नव्या नकाशात भराव दिसतो, पण त्याखालची मोरी दिसत नाही. संगणकाला भराव म्हणजे धरणाची भिंत. तो पाणी रस्त्याच्या कडेने शेजारच्या नाल्यात वळवतो, आणि आपल्या 180 हेक्टरांतले 60 कागदावर दुसऱ्याचे होतात. पावसाची तीव्रता तासाला 100 मिलीमीटर आणि अपधाव गुणांक 0.3 धरला तर 180 हेक्टरांतून सेकंदाला 15 घनमीटर पाणी येते, 120 हेक्टरांतून 10. दहासाठी बांधलेल्या सांडव्यावर पंधरा आले की पाणी बांधाच्या माथ्यावरून किंवा कडेने वाट काढते, आणि दोष कंत्राटदाराच्या सिमेंटला दिला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. नकाशावर नाला रस्त्याशी येऊन काटकोनात वळला आणि रस्त्याला समांतर धावू लागला, की तिथे मोरी आहे. तिचे स्थान जागेवर पाहून त्या चौकटींची उंची कमी करावी आणि हिशेब पुन्हा करावा.

दुसरी चूक निर्गमबिंदूची. बांधाची जागा नाल्याच्या चौकटीऐवजी शेजारच्या चौकटीत टोचली गेली तर 180 ऐवजी दोन-तीन हेक्टरांचे निमुळते पाणलोट निघते. ते लगेच कळते, म्हणून ती चूक तशी निरुपद्रवी. मोजणीआधी नकाशा मीटरमध्ये आणताना मात्र जपावे. यूटीएमच्या 43 व 44 या पट्ट्यांची सीमा असलेले 78 अंश रेखांश इथून पश्चिमेला फार दूर नाही. दोन पट्ट्यांतले नकाशे बेमालूम मिसळले की नाले भलतीकडेच जातात.

श्रेणी टाकून द्या असे म्हणणे नाही. पण कामाला तांत्रिक मान्यता देताना फक्त श्रेणी पाहणे थांबले पाहिजे. बांधाच्या जागेवरचे पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये, नाल्याच्या तळाचा उतार आणि तळात दगड किती खोलीवर लागतो, या तीन गोष्टी उंबरठ्याच्या आकड्यावर हलत नाहीत. मृद व जलसंधारण विभागाने एवढे करावे : ज्या पाणलोट नकाशावर उंचीच्या माहितीचा स्रोत, उंबरठा आणि मोऱ्यांची दुरुस्ती लिहिलेली नाही, तो नकाशा मंजुरीसाठी स्वीकारू नये.